आई-बाबांच्या अबोल्यात मुलं 'पोस्टमन' का होतात? त्यातून बाहेर कसं पडायचं?

'बाबांना सांग, रविवारी मावशीकडे जायचंय.' आई साताऱ्याहून पुण्यातल्या लेकीला फोन करते. बाबा त्याच घरात, पलीकडच्या खोलीत असतात. लेक बाबांना फोन लावते. 'तिला सांग, मी येणार नाही. मागच्या वेळी तिथे माझा अपमान झाला,' असं बाबा सुनावतात. लेक आईला सांगते, 'बाबांना बरं वाटत नाहीये गं.' भांडण टळतं. पुढच्या आठवड्यात पुन्हा फोन येतो.

शहरं आणि नावं बदलली तरी अनेक घरांत हेच चालतं.

नेमकं काय घडतं?

अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ मरे बोवेन यांनी याला 'त्रिकोण' म्हटलं. दोघांमधला ताण असह्य झाला की तिसऱ्याला मध्ये ओढलं जातं. ताण थोडा हलका होतो, पण मूळ प्रश्न तसाच राहतो. वरच्या उदाहरणात बाबांना झालेला अपमान आईला कळलाच नाही. म्हणजे मध्ये पडणारी लेक भांडण मिटवत नाही, तर पुढे ढकलते.

मग जबाबदारी आपलीच, असं का वाटतं? लहानपणी ती रडली किंवा मध्ये उभी राहिली की आवाज थांबायचे. त्यावरून तिने ठरवलं, थांबवणं आपल्या हातात आहे. त्यामुळे पुन्हा भांडण झालं की तो आपलाच दोष वाटतो. पण हे लग्न तिच्या जन्माआधीचं आहे. त्यातली नाराजीही तिने आणलेली नाही.

काय करता येईल?

निरोप नाकारावा, नातं नाही. 'आई, हे तू बाबांनाच विचार. तुझा गुडघा कसा आहे ते सांग.' बाबांनाही असंच उत्तर द्यायचं. एकालाच नकार दिला तर ती बाजू घेणं ठरतं. फोन बंद करणं हाही उपाय नाही, कारण दोघांशीही संपर्क राहायला हवा.

सुरुवातीला त्रास वाढतो. 'तू बदललीस' हे ऐकावं लागतं, कदाचित अबोलाही लांबतो. बहुतेक जण इथेच माघार घेतात. आई-बाबा सुखी झाले का, हा यशाचा निकष नाही. फोनवर त्यांच्या तक्रारींपलीकडेही बोलणं होऊ लागलं, की निरोप्याचं काम सुटत चाललंय असं समजावं.

हे कुठे लागू होत नाही?

घरात मारहाण, धमकी किंवा जाच असेल तर तो साधा वाद नाही. तिथे तटस्थ राहू नये. तातडीच्या मदतीसाठी ११२ आणि महिलांसाठी १८१ हे क्रमांक आहेत. मनावरचा भार असह्य झाला तर 'टेलि-मानस'च्या १४४१६ वर मोफत बोलता येतं.

आई-बाबांवर प्रेम करणं हे मुलांचं काम आहे. त्यांचा संसार चालवणं नाही.