रविवारी सकाळी भडकल गेटपाशी या, पावसाआधी!

गुलमंडी, कुंभारवाडा, जुना बाजार, सराफा आणि पैठण गेट परिसरातल्या सर्व शेजाऱ्यांना आवाहन.

येत्या रविवारी सकाळी साडेसहा वाजता भडकल गेटजवळ, बाबासाहेबांच्या पुतळ्यापाशी जमायचे आहे. तिथून जुना बाजार, सिटी चौक, मछली खडक, गुलमंडी असे चालत पैठण गेटपर्यंत जायचे. अंतर दोन-अडीच किलोमीटरचे आहे. रमतगमत गेलो तरी नऊच्या आत आपण मोकळे होऊ, म्हणजे ज्यांना दुकान उघडायचे आहे त्यांचाही खोळंबा होणार नाही.

घाई एवढ्यासाठी की पाऊस तोंडावर आला आहे. दरवाज्यांच्या सांध्यांत आलेली पिंपळाची रोपे आत्ता बोटाएवढी, सुकलेली दिसतात. दोन पाऊस झाले की ती फोफावतात आणि पालवीखाली मागची भेग झाकून जाते. भिंत कुठे फुगली, दगड कुठे सुटला हे कोरड्या भिंतीवर जसे दिसते तसे ओल्या भिंतीवर दिसत नाही. म्हणून हा रविवार. पुढच्या महिन्यात बघू म्हटले तर गोष्ट दिवाळीवर जाईल.

पाहायचे काय, ते थोडे सांगतो.

आपल्यापैकी बहुतेकजण समजतात की सगळे दरवाजे तटबंदीबरोबर बांधले गेले. तसे नाही. मलिक अंबरने १६१० साली खडकी गावाच्या जागी हे शहर वसवले आणि भडकल दरवाजा १६१२ मध्ये उभा केला, तो मुघलांवरच्या विजयाची खूण म्हणून. शहराभोवतीचा तट औरंगजेबाच्या काळात, १६८२ मध्ये झाला. म्हणजे भडकल दरवाजा तटापेक्षा सत्तर वर्षांनी थोरला. पैठण गेट मात्र तटातला दरवाजा. उत्तरेला दिल्ली, पूर्वेला जालना, दक्षिणेला पैठण आणि पश्चिमेला मकाई असे चार दिशांचे चार मुख्य दरवाजे होते.

हा फरक पुस्तक न उघडता डोळ्यांनी ओळखता येतो का, तेच आपण करून पाहणार आहोत. तटातला दरवाजा रात्री बंद व्हायचा. त्याला जाड लाकडी दारे लागत, ती फिरायला वर-खाली दगडात खोबणी लागत आणि आतून टाकायच्या अडसरासाठी भिंतीत चौकोनी भोक लागे. अडसर आतल्या लोकांच्या हातात असायचा, त्यामुळे ते भोक ज्या बाजूला ती शहराची बाजू. विजयाची कमान बांधणाऱ्याला यातले किती लागले असेल? भडकलच्या कमानीत मुलांना टॉर्च देऊन खोबणी शोधायला लावू, मग पैठण गेटला पुन्हा शोधायला लावू. उत्तर आधी सांगत नाही.

दुसरी गोष्ट रस्त्याची. माझे घर कुंभारवाड्यात. आजोबा सांगायचे की गल्लीतून घरात यायला तीन पायऱ्या चढाव्या लागत. आज दोन पायऱ्या उतरून घरात जावे लागते. पायरी साधारण पंधरा सेंटिमीटरची धरा. तीन पायऱ्यांचे पंचेचाळीस आणि दोन पायऱ्यांचे तीस, म्हणजे रस्ता पाऊण मीटर वर आला. घर तिथेच आहे, दर वेळी डांबराचा थर जुन्या थरावर टाकला गेला. पूर्वी घरातले पाणी गल्लीत जायचे, आता गल्लीतले घरात येते.

हेच दरवाज्यांचे होते. रस्ता वर चढला की कमानीची उंची तेवढी कमी होते, मालट्रकचा हौदा वर घासायला लागतो आणि पावसाचे पाणी दरवाज्याच्या पायाशी साचते. म्हणून प्रत्येक दरवाज्याला आपण दोन मापे घेणार: कमान जिथून वळायला सुरुवात होते तिथपासून रस्त्यापर्यंतचे अंतर, एकदा बाहेरच्या बाजूने आणि एकदा आतल्या बाजूने. पाच वर्षांनी पुन्हा मोजले की रस्ता किती चढला ते वादाशिवाय कळेल.

तिसरी गोष्ट सिमेंटची, आणि इथे मी स्वतः ठेच खाल्ली आहे. वाड्याच्या मागच्या जुन्या भिंतीचा चुना पडायला लागला तेव्हा एका ठेकेदाराच्या सांगण्यावरून तिला सिमेंटचे प्लास्टर करून घेतले. पहिले वर्ष भिंत आरशासारखी होती. दुसऱ्या पावसाळ्यानंतर बोटाच्या पेराने ठोकले की पोकळ आवाज यायला लागला, कडेला पांढरी मिठासारखी भुकटी दिसली आणि मग प्लास्टरचा पापुद्रा विटांचा चेहरा घेऊनच खाली आला. चुन्याची भिंत ओल शोषते आणि उन्हात सोडून देते. वरून सिमेंट थापले की ओल आत कोंडते, क्षार घेऊन विटेतून आणि दगडातून वाट काढते. पोकळ आवाज आणि पांढरी भुकटी या दोन खुणा रविवारी आपण आपापल्या घरांच्या भिंतींवरही तपासू. दरवाज्यांवर मात्र ठोकाठोकी नाही, तिथे फक्त भुकटी बघायची.

एक विनंती हात जोडून. पिंपळाचे रोप दिसले की ओढून काढायचा मोह होतो, विशेषतः तरुण मंडळींना. ओढू नका. मूळ चुन्याच्या सांध्यातून आत गेलेले असते, ते दगड सैल करून बाहेर येते आणि तुटून आत राहिले तर पुन्हा फुटते. रोप कापून, मूळ मारून, सांधा चुन्याने भरणे हे जाणकाराचे काम आहे आणि संरक्षित वास्तूला परवानगीशिवाय हात लावता येत नाही. आपण फोटो काढायचा, जागा लिहायची. तयार झालेली वही आपल्या सह्यांनिशी पुरातत्त्व खात्याकडे आणि महापालिकेकडे एकाच दिवशी द्यायची, म्हणजे कोणी दुसऱ्याकडे बोट दाखवू नये.

सोबत पाण्याची बाटली, टोपी, आणि घरात मोजमापाचा टेप असेल तर तो आणा. दुचाकी आणू नका, मछली खडकाच्या पुढे ढकलत न्यावी लागेल. आजी-आजोबांना जरूर आणा. ज्यांना सगळे अंतर चालवणार नाही त्यांच्यासाठी साडेसातपासून गुलमंडीवर खुर्च्या असतील, तिथेच चहा-पोहे. गुलमंडी म्हणजे फुलांचा बाजार. इथे फुले कोण कुठे बसून विकायचे, हे आठवणारे कोणी असेल तर आमची एक पैज निकालात निघेल.

ज्यांच्या घराची मागची भिंत म्हणजेच जुना तट आहे, त्यांना वेगळे सांगणे आहे. घर पाडायचे ठरले असेल तर आम्ही अडवायला येत नाही, तुमच्या अडचणी तुम्हालाच माहीत. फक्त पाडण्याआधी एक निरोप द्या आणि अर्धा तास फोटो व मापे घेऊ द्या.

नावे द्यायला शनिवारी संध्याकाळी सात ते नऊ आमच्यापैकी कोणीतरी सुपारी हनुमान मंदिराजवळ वही घेऊन बसलेले असेल. नाव दिले नाही म्हणून कोणाला परत पाठवणार नाही, पोह्यांचा अंदाज यावा एवढ्यासाठीच ती वही. पैसे नाहीत, भाषणे नाहीत.

आणि रविवारी येणे जमत नसेल त्यांनी निदान जुनी ट्रंक उघडावी. चार दिशांच्या चार दरवाज्यांपैकी जालना गेट आता उभे नाही आणि आमच्याकडे त्याचा एकही फोटो नाही. कोणाच्या लग्नाच्या वरातीमागे, कोणाच्या नव्या सायकलीमागे ते उभे असेल. मूळ फोटो देऊ नका, शनिवारी वहीपाशी घेऊन या, आम्ही तिथल्या तिथे त्याची प्रत काढून परत देऊ.

— गुलमंडी व कुंभारवाडा परिसरातील काही रहिवासी