लाईक नको, गिऱ्हाईक मोजा

भावांनो, बूस्टचं बटण दाबून लाईक मोजत बसणं मला पटत नाही. अख्खा गोवा निवडला तर पेडण्याहूनही लाईक येतात, पण किलोभर इसवणीसाठी तो माणूस मडगावात येणार आहे का? नकाशावर आपली डिलिव्हरी पोचते तेवढेच किलोमीटर घ्या, उद्देश 'मेसेज' ठेवा.

समजा रोज २०० रुपये, पाच दिवस. १८ टक्के जीएसटी धरून ११८० झाले. चाळीस जणांनी भाव विचारला, दहांनीच मासळी नेली. म्हणजे एका गिऱ्हाईकामागे ११८ रुपये. ऑर्डरीमागे शंभरच सुटत असतील, तर तोच माणूस परत आला तरच परवडेल. म्हणून वहीत नवं-जुनं गिऱ्हाईक वेगळं लिहा. सभेतही हाच आकडा सांगा, 'इतक्या हजारांनी पाहिलं' हा नको.