फोटोत खुर्ची दिसते, माप दिसत नाही

आपल्याकडे गावोगावी रुग्णोपयोगी साहित्य देणारी केंद्रे आहेत. कुठे गणेश मंडळ चालवते, कुठे ज्येष्ठ नागरिक संघ. थोडी अनामत ठेवली की व्हीलचेअर, वॉकर, कमोड खुर्ची घरी नेता येते. हल्ली तिथून आधी मोबाइलवर फोटो येतो, आणि घरचे तो पाहून ‘चालेल’ असे कळवून टाकतात. माझा आक्षेप या ‘चालेल’ला आहे. वस्तू कोणती आहे, हे फोटोवरून बहुधा ओळखता येते. ती आपल्या माणसाला चालेल का, हे मात्र त्यातून कळत नाही.

ओळखायचे कसे? मागची दोन चाके मोठी आणि त्यांच्या बाहेरून हाताने फिरवायचे कडे असेल, तर ती बसणाऱ्याने स्वतः चालवायची व्हीलचेअर. चारही चाके लहान असतील तर ती दुसऱ्याने ढकलायची. बैठकीला मधोमध भोक आणि खाली भांडे बसवायच्या पट्ट्या दिसल्या, तर चाके असोत वा नसोत, ती कमोड खुर्ची. फसगत होते ती इथेच. भोकावर गादी ठेवलेली असली की चाकांची कमोड खुर्ची फोटोत साध्या व्हीलचेअरसारखी दिसते. म्हणून गादी उचलून फोटो मागवावा.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर घरी आलेल्या आत्यांचे वजन ८४ किलो आहे. त्यांना कडक, सपाट खुर्चीवर बसवले आणि मांड्यांच्या दोन्ही बाहेरच्या बाजूंना एकेक जाड पुस्तक उभे धरले. दोन पुस्तकांमधले अंतर भरले १७ इंच. दोन्ही बाजूंना बोटभर जागा हवी, म्हणजे बैठक १८ इंचांची लागणार. केंद्राने पाठवलेल्या चाकांच्या कमोड खुर्चीत हातांमधले अंतर १६ इंच निघाले. त्यात आत्या बसतील, पण अडकून. मांड्यांच्या कडेची त्वचा घासली जाईल आणि काही दिवसांत तिथे जखम होऊ शकेल. फार रुंद खुर्चीही बरी नव्हे. तिच्यात माणूस एका कुशीवर कलतो.

मग १८ इंचांची मोठ्या चाकांची व्हीलचेअर आणायची का? बैठक १८ इंच असली तरी कडे आणि चाके धरून अशी खुर्ची बाहेरून २५-२६ इंच भरते. आत्यांच्या न्हाणीघराच्या दारातून, दार पूर्ण उघडल्यावर, मोकळी जागा २४ इंच. दाराची चौकट मोजून उपयोग नाही, कारण उघडलेले दारही जागा खाते. तेव्हा खुर्ची दाराशीच थांबणार.

इथे मी दोन वस्तू घ्या म्हणेन. घरात आणि दवाखान्यात फिरायला ती व्हीलचेअर. आणि पलंगाशेजारी चार पायांची, बिनचाकाची, रुंद कमोड खुर्ची. तिच्या पायांना भोके आणि दाबायची बटणे असली तर उंची बदलता येते. गुडघ्यामागून टाचेपर्यंतचे अंतर मोजा. आत्यांचे ते १६ इंच असेल, तर बैठक १७ इंचांवर लावावी. खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर कंबर गुडघ्यांपेक्षा खाली जाऊ नये. पण फार उंच केली तर पाय अधांतरी राहतात आणि उठताना घसरतात. चारही बटणे एकाच भोकात ‘टक्’ करून बसली आहेत ना, हे हाताने चाचपावे.

राहिली वजनमर्यादा. ती लेबलावर असते, बहुधा बैठकीखाली किंवा चौकटीच्या नळीवर. ‘वजन १७ किलो’ असे लिहिलेले असेल तर ते खुर्चीचे स्वतःचे वजन. आपल्याला हवा तो बसणाऱ्याच्या वजनाचा आकडा. मर्यादा ९० असेल तर ८४ किलोला पुरते हे कागदावर खरे, पण म्हातारे माणूस सावकाश टेकत नाही, शेवटचे चार इंच धपकन बसते. तो दणका वजनापेक्षा जास्त असतो. म्हणून मी १०० किलोच्या खालची खुर्ची आत्यांना देणार नाही. लेबल गेले असेल आणि नळ्या गंजलेल्या असतील, तर फुकट मिळाली तरी नको. ज्यांना उभे राहता येत नाही त्यांचे वजन अंदाजाने धरू नका, दवाखान्यात विचारा.

वॉकरचे सोपे आहे. घरातली नेहमीची चप्पल घालून, हात सैल सोडून उभे केले की मूठ मनगटाच्या घडीशी यावी. माणसाला वाकायला लावणारा वॉकर पुढे पळतो.

केंद्रांना माझी एक सूचना आहे. प्रत्येक खुर्चीच्या पाठीवर ऑइलपेंटने तीन आकडे लिहा: बैठकीची रुंदी, बाहेरची रुंदी आणि वजनमर्यादा. पाठीवर मंडळाचे नाव रंगवलेले असतेच, त्याखाली जागा असते. मग फोटो काढताना खुर्ची पाठमोरी केली की पुरे.