शेवटच्या फेरीचा निकाल तिसऱ्या फेरीत

पुण्यातील अभिमत वैद्यकीय महाविद्यालयांत अनिवासी भारतीय कोट्यातून प्रवेश मिळवू पाहणाऱ्या परदेशस्थ पालकांना दलाल एक हमखास आश्वासन देतात: मुख्य फेऱ्या आटोपू द्या, उरलेल्या जागा महाविद्यालयच भरेल. यात पूर्वी थोडे तथ्य होते. समितीने पाठवलेल्या यादीतून महाविद्यालये रिकाम्या जागा भरत असत. आता मात्र ‘स्ट्रे व्हेकन्सी’ फेरीचे वाटपही एमसीसी, म्हणजे वैद्यकीय समुपदेशन समिती, ऑनलाइनच करते. त्यामुळे महाविद्यालयाशी परस्पर बोलणी करून हाती काही लागत नाही.

या फेरीचा खरा उंबरठा तिसऱ्या फेरीत आहे. समजा, सिंगापूरच्या चोआ चू कांगमधील एका विद्यार्थिनीने पुण्यातील दोन महाविद्यालयांबरोबर केवळ यादी भरावी म्हणून दूरचे तिसरेही नोंदवले आणि तिसऱ्या फेरीत तिला नेमके तेच मिळाले. तेथे ती रुजू झाली, तर स्ट्रे फेरीतून बाद. रुजू न झाली, तरीही बाद; शिवाय अभिमत विद्यापीठांसाठी भरलेली 2 लाख रुपयांची अनामत जप्त. राज्याच्या प्रक्रियेत जागा धरून ठेवलेल्यांनाही वगळले जाते. म्हणजे स्ट्रे फेरी उरते ती नोंदणी केलेल्या, पण हातात एकही जागा नसलेल्या उमेदवारांपुरती.

तेथे मिळालेली जागा नाकारण्याची किंमत आणखी मोठी आहे: अनामत तर जातेच, शिवाय पुढील वर्षीच्या नीट परीक्षेलाही बसता येत नाही. म्हणून जेथे खरोखर शिकायचे आणि ज्याचे शुल्क झेपेल, तेवढीच महाविद्यालये पसंतीक्रमात असावीत. आधी शुल्क तपासावे, मग पसंती नोंदवावी. हा क्रम उलटला की घात होतो.

कागदपत्रांचेही तसेच. भारतीय गटातून अनिवासी गटात जाण्याची मुदत प्रक्रियेच्या आरंभीच्या टप्प्यात असते. प्रायोजकाचे शपथपत्र, त्याच्याशी असलेल्या नात्याचा पुरावा आणि उच्चायुक्तालयाचे प्रमाणपत्र ही जुळवाजुळव शेवटच्या आठवड्यात होत नाही. आयबीसारख्या परदेशी मंडळातून बारावी केलेल्यांना भारतीय विद्यापीठ संघाचे समकक्षता प्रमाणपत्रही लागते. ते वेळेत हाती नसेल, तर वाटपात मिळालेली जागा पडताळणीच्या टेबलावर अडकते. वाटपानंतर मूळ कागदांसह प्रत्यक्ष हजर होण्यास मोजकेच दिवस मिळतात.

नियमांत दरवर्षी बदल होतात, त्यामुळे त्या वर्षीचे माहितीपत्रक पाहणे अपरिहार्य आहे. घड्याळाकडेही लक्ष हवे. पसंतीक्रम कुलूपबंद करण्याची भारतातील रात्री 11.59 ही वेळ सिंगापुरात पहाटे 2.29 असते, तेही दुसऱ्या तारखेला. आणि अनामत स्वतःच्याच खात्यातून भरावी. परतावा ज्या खात्यातून रक्कम आली तेथेच जातो. ते खाते दलालाचे असेल, तर पैशांसाठी त्याच्याच मागे फिरावे लागते.