दोन विजांची गाठ

तालुक्याच्या गावातील बाजारपेठेत एक कापडाचे दुकान आहे. मे महिन्यातील लग्नसराईचे दिवस होते. सायंकाळी वळवाचा पाऊस आला आणि कोपऱ्यावरील चिंचेची फांदी विजेच्या तारेवर पडून तार तुटली. दुकानात बस्त्याची गर्दी होती. मालक आत ग्राहकांपुढे बसले होते, म्हणून पुतण्याने मागील बोळात जाऊन पाच केव्हीएचा डिझेल जनरेटर सुरू केला. दिवे लागले, पंखे फिरू लागले आणि व्यवहार पुढे चालू राहिला.

थोड्या वेळाने वीज कंपनीचा वायरमन आला. त्याने रोहित्रावरील फ्यूज काढले, खांबाला शिडी लावली आणि तारेला हात लावण्यापूर्वी शिरस्त्याप्रमाणे टेस्ट लॅम्प लावून पाहिला. दिवा लखकन पेटला. फ्यूज त्याच्याच झोळीत होते आणि तार मात्र जिवंत होती. त्याने खाली पाहिले, तेव्हा शेजारच्या बंद दुकानाची पाटीही उजळलेली दिसली. मग जनरेटरचा आवाज कोठून येतो आहे, याचा शोध घेत तो कापडाच्या दुकानात आला.

घडले होते ते साधेच. त्या दुकानातील जनरेटर दोन्ही टोकांना पिन असलेल्या एका वायरीने भिंतीतील सॉकेटला जोडला जात असे. मालक दररोज आधी मेन स्विच बंद करीत. त्या दिवशी पुतण्याला त्याचे स्मरण राहिले नाही. जनरेटरची वीज दुकानाच्या वायरिंगमधून मेन स्विचपर्यंत, तेथून मीटरमधून आणि खांबावरून येणाऱ्या सर्व्हिस वायरीतून उलटी वर चढली. यालाच बॅकफीडिंग म्हणतात.

एवढासा जनरेटर साऱ्या पेठेचा भार पेलणार नाही, तो आपोआप बंद पडेल, असा अनेकांचा समज असतो. सारी पेठ जोडलेली असेल तर बहुधा तसेच होते. मात्र तार तुटल्यामुळे त्या तुकड्यावर चारच दुकाने उरली होती आणि त्यांतील तीन बंद होती. तेवढा भार जनरेटरने सहज उचलला. तार अखंड असती आणि भार हलका असता, तर धोका आणखी वाढला असता. पेठेतील रोहित्र 11,000 व्होल्टची वीज उतरवून दुकानास सुमारे 230 व्होल्ट देते. तेच रोहित्र उलट दिशेनेही काम करते. त्याच्या दोन गुंडाळ्यांतील प्रमाण सुमारे 44 पट असते. म्हणजे खालून 230 व्होल्ट दिले, तर वरच्या बाजूस दहा हजार व्होल्टच्या आसपास दाब उभा राहतो. तेथे काम करणाऱ्या माणसाला सावध होण्याची संधीच मिळत नाही. तिकडे मूळ वीज अचानक परत आली, तर दोन विजांच्या लहरी जुळत नाहीत आणि जनरेटर जळतो, प्रसंगी वायरिंगही पेटते.

मेन स्विच आठवणीने बंद करणे, हा त्यावरील उपाय नव्हे. आठवण कोणत्या तरी गर्दीच्या सायंकाळी चुकतेच. शिवाय त्या दुहेरी पिनच्या वायरीचे एक टोक सॉकेटमधून निसटले, तर उघड्या पितळी पिनांमध्ये पूर्ण दाबाची वीज असते. चूक करणे शक्यच राहू नये, अशी जोडणी हवी. ती चेंजओव्हर स्विचने होते.

या स्विचला एकच दांडा असतो आणि त्याच्या तीन स्थिती असतात : एका बाजूस वीज कंपनीची वीज, दुसऱ्या बाजूस जनरेटर आणि मध्ये बंद. दांडा एकाच वेळी दोन्हीकडे राहू शकत नाही, त्यामुळे दोन्ही विजा एकमेकींना भेटत नाहीत. त्याची जागा मीटर आणि मेन स्विच यांच्या पुढे, परंतु दुकानाच्या वाटप बोर्डाच्या आधी असते. सिंगल फेजसाठी तो दोन पोलचा, म्हणजे फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा, आणि थ्री फेजसाठी चार पोलचा घ्यावा. केवळ फेज तोडून न्यूट्रल सामाईक ठेवला, तर बिघाडाच्या वेळी त्या न्यूट्रलमधून वीज खांबाकडे जाण्याची वाट उघडी राहते.

स्विच किती अँपिअरचा असावा, याचा हिशेब करताना एक चूक वारंवार होते. पाच हजार व्होल्ट-अँपिअरला 230 ने भागले की सुमारे 22 अँपिअर येतात, म्हणून दुकानदार 25 अँपिअरचा स्विच आणतो. परंतु वर्षातील बहुतेक काळ त्याच स्विचमधून वीज कंपनीची वीज वाहते. दुकानाचा मंजूर भार सात किलोवॅट असेल, तर ती 30 अँपिअरपर्यंत जाते. दोहोंतील मोठा आकडा धरून येथे 40 अँपिअरचा स्विच योग्य ठरतो. लहान स्विच तापतो, त्याचे टोक काळवंडते आणि करपल्याचा वास येऊ लागतो.

हे काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच करवून घ्यावे. जनरेटरचा न्यूट्रल आणि अर्थिंग कोठे व कसे जोडायचे, हेही त्यानेच ठरवावे. काम झाल्यावर त्याच्याकडून एक परीक्षा करून घ्यावी. वीज गेलेली असताना दांडा जनरेटरकडे करून जनरेटर चालवावा आणि स्विचच्या कंपनीकडील टोकांवर मल्टिमीटर लावावा. तेथे शून्य दिसले पाहिजे. नंतर दांडा कंपनीकडे असताना जनरेटरकडील टोकेही तशीच तपासावीत. पुढेही वीज नसताना शेजारच्या दुकानातील दिवे आपल्या जनरेटरबरोबर लागू लागले, तर जनरेटर तत्काळ थांबवावा.

त्या दुकानात आता चेंजओव्हर स्विच बसला आहे आणि त्याच्या शेजारी क्रम लिहून लावला आहे. वीज गेली की प्रथम दांडा मध्ये आणावा. एसीसारखी मोठी यंत्रे बंद करावीत. जनरेटर सुरू करून दोन-तीन मिनिटे भाराविना चालू द्यावा, व्होल्टमीटर 230 च्या आसपास स्थिरावला की दांडा त्याच्या बाजूस न्यावा आणि मग एकेक यंत्र लावावे, मोठे आधी आणि लहान नंतर. वीज परत आल्यावर ती स्थिर आहे याची खात्री करून दांडा आधी मध्ये, क्षणभराने कंपनीकडे न्यावा. जनरेटर आणखी दोन-तीन मिनिटे मोकळा चालवून मग बंद करावा. डिझेल तो थंड झाल्यावरच भरावे.

बोळातील जागाही बदलावी लागली. धुराची नळी दुकानाच्या मागील खिडकीकडे तोंड करून होती. त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड हा गंधहीन विषारी वायू असतो. डिझेलच्या धुरात तो पेट्रोलच्या तुलनेने कमी असला, तरी अर्ध्या ओढलेल्या शटरच्या आत साचला की डोके दुखते, मळमळते आणि माणूस झोप आल्यासारखा बेशुद्ध होतो. म्हणून आता यंत्र उघड्या जागेत आहे आणि नळी छताच्या वर नेली आहे.

दोन्ही टोकांना पिन असलेली ती वायर मालकांनी त्याच सायंकाळी मधोमध कापली. वायरमन तेव्हा दुकानातच पाणी पीत बसला होता. जनरेटर थांबवल्यावर त्याने टेस्ट लॅम्प पुन्हा लावला, दिवा पेटला नाही, आणि मगच तो शिडी चढला.