सात रुपये सत्त्याऐंशी पैसे



"मॅडम, आमच्या बाजूने लाइन ओके दाखवतेय." हे वाक्य मी दोन महिन्यांत इतक्यांदा ऐकलं की फोन लावतानाच पाठ म्हणायचे. इकडे सूनबाई रात्री नऊला परदेशी साहेबांशी मीटिंगला बसायची आणि समोरच्यांचे चेहरे गोठायचे. एकदा अर्ध्या दिवसाचा पगारही कापला गेला. शेवटी मला माझीच लाज वाटली. बी.कॉम. झालेली बाई मी, आणि "नेट स्लो आहे हो" अशी तोंडी रड घेऊन बसले होते! तोंडी उधारी कोण मानतो?

म्हणून सोमवारी वही घातली. रोज सकाळी सात, दुपारी दोन, रात्री नऊ. पहिल्याच दिवशी चूक कळली. स्वयंपाकघरातून मोबाइलवर टेस्ट केली तर सकाळीही वेग 30 च्या आसपास. तो दोष कंपनीचा नव्हता, मधल्या दोन भिंतींचा होता. असे आकडे पाठवले असते तर "तुमच्या वायफायचा प्रॉब्लेम आहे" म्हणून एका ओळीत वाटेला लावलं असतं, आणि ते बरोबरच ठरलं असतं. मग लॅपटॉप थेट राउटरला केबलने जोडला, घरातले बाकीचे सगळे फोन आणि टीव्ही नेटवरून काढले, आणि टेस्टचा सर्व्हर दर वेळी एकच निवडला. तो आपोआप निवडू दिला तर रोज वेगळा येऊ शकतो आणि तुलनेला अर्थ राहत नाही. प्रत्येक निकालाचा तारीख-वेळेसह स्क्रीनशॉट ठेवला.

आमचा प्लॅन 100 Mbps चा. सकाळी रोज 94 च्या आसपास मिळाले. वरचे पाच-सहा वाहतुकीतच जातात, त्याबद्दल भांडू नये. दुपारी 88. आणि रात्री? सात रात्रींचे आकडे: 14, 12, 16, 9, 13, 18, 11. केबल तीच, लॅपटॉप तोच, बाकी सगळं बंद. म्हणजे रात्री सगळी वस्ती नेटवर आली की यांची पुढची सामाईक लाइन पुरत नाही. गिऱ्हाइकं घेत गेले, क्षमता वाढवली नाही.

इथे एक सापळा होता. एकवीस नोंदींची सरासरी काढली तर 65 येते. कंपनीने तोच आकडा मिरवला असता! सरासरी म्हणजे सकाळच्या सुकाळात रात्रीचा दुष्काळ बुडवणं. म्हणून पत्रात सरासरी दिलीच नाही, तिन्ही वेळांचे रकाने वेगळे दिले.

वेगावर त्यांच्याकडे "अप टू 100" ही पळवाट आहे. पण नेट बंदच असेल, तर "अप टू"च्या मागे लपता येत नाही. म्हणून बंद वेळांचा वेगळा रकाना केला. मंगळवारी 10.20 ते 1.05, गुरुवारी सकाळी 7.40 ते 10.10, शनिवारी सकाळी 7.50 ते 10.35. एकूण बरोबर आठ तास. दर वेळी राउटरच्या दिव्यांचा फोटो काढला. मंगळवारी आणि शनिवारी LOS चा दिवा लाल होता, म्हणजे फायबरमधून प्रकाशच येत नव्हता. गुरुवारी तो दिवा ठीक होता, फक्त इंटरनेटचा दिवा गेला होता, म्हणजे तार शाबूत आणि बिघाड त्यांच्या पलीकडच्या यंत्रणेत. तिन्ही वेळा घरात वीज होती, हेही लिहिलं.

पत्राचा गाभा एवढाच:

"मासिक भाडे 600 रु., कर धरून 708. महिन्याचे 720 तास. सेवा बंद 8 तास. परतावा रु. 7.87. तसेच रात्री 9 च्या वेगाचे कारण आणि दुरुस्तीची तारीख लेखी कळवावी."

हे हसले. "आठ रुपयांसाठी एवढा कागद?" अहो, पैशांसाठी नाहीच! ते सात रुपये सत्त्याऐंशी पैसे त्यांनी वळते केले की आठ तास सेवा बंद होती हे त्यांच्याच खातेवहीत चढतं. मग "लाइन ओके" कोणत्या तोंडाने म्हणणार?

पत्र ईमेलने पाठवलं आणि डॉकेट नंबर मागून घेतला. तो नसेल तर तक्रार झालीच नाही असं समजा. दोन दिवसांनी एसएमएस आला: तक्रारीचं निवारण झालं. ना फोन, ना माणूस, ना पैसा! त्याच रात्री नऊला टेस्ट केली. 12.

ट्राय एकेकट्या गिऱ्हाइकाची तक्रार स्वतः सोडवत नाही, पण तिच्या नियमांप्रमाणे कंपनीला अपील ऐकणारा अधिकारी नेमावा लागतो. काल त्याच्याकडे अपील पाठवलं. सोबत वहीची पानं, तो एसएमएस, आणि त्याच्याखाली त्या रात्रीचा 12 चा स्क्रीनशॉट जोडला आहे.