आकडे आले कोठून?

पीएच.डी.चा प्रबंध विद्यापीठाकडे दाखल करण्यापूर्वी त्याचे संगणकीय परीक्षण करून घ्यावे लागते. अन्य लिखाणाशी त्याचे साम्य किती, हे संगणक टक्केवारीत सांगतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार १० टक्क्यांपर्यंतचे साम्य क्षम्य आहे. त्यापुढे ४० टक्क्यांपर्यंत असल्यास सुधारलेला प्रबंध सहा महिन्यांच्या आत पुन्हा दाखल करावा लागतो आणि साम्य ६० टक्क्यांच्या वर गेल्यास नोंदणीच रद्द होते. वाङ्मयचौर्याला आळा घालण्यासाठी ही व्यवस्था आवश्यक होती, याविषयी दुमत नाही. परंतु ज्या विद्यार्थ्याने ४०० शेतकऱ्यांच्या मुलाखती न घेता घरीच बसून ४०० प्रश्नावल्या भरल्या, त्याच्या आकड्यांचे साम्य या परीक्षणात शून्य येते. ते साहजिकच आहे. ते आकडे त्याच्यापूर्वी कोणीही लिहिलेले नसतात. चोरी पकडण्यासाठी उभारलेल्या चौकीवरून बनावट नाणे सन्मानाने आत जाते, असा हा प्रकार आहे.

बनावट आकडे ओळखायचे कसे, आणि ते वेळीच का ओळखले जात नाहीत, या दोन्ही प्रश्नांचे उत्तर अमेरिकेतील एका प्रकरणात मिळते. योगायोगाचा भाग असा की, त्या संशोधनाचा विषयच प्रामाणिकपणा हा होता.

अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात २०१२ साली पाच लेखकांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. ‘मी खरी माहिती देत आहे’ या प्रतिज्ञेखाली अर्जाच्या शेवटी सही घेण्याऐवजी ती आरंभीच घेतली, तर माणसे कमी खोटे बोलतात, असा त्याचा निष्कर्ष होता. त्यातील सर्वांत वजनदार पुरावा एका मोटार विमा कंपनीच्या ग्राहकांचा होता. गाडी किती मैल धावली यावर विम्याचा हप्ता ठरत असल्याने मैल कमी दाखविण्यात ग्राहकाचा लाभ असतो. १३,४८८ विमापत्रांच्या आधारे असे सांगण्यात आले की, ज्यांनी आरंभी सही केली त्यांनी सरासरी सुमारे २,४०० मैल, म्हणजे १० टक्के, अधिक नोंदविले. सहीची जागा बदलण्याला खर्च काहीच नाही आणि लाभ मात्र १० टक्क्यांचा! अशा स्वस्त उपायाची भुरळ शासनांना पडावी यात नवल नाही. ग्वाटेमालामध्ये ६ लाखांहून अधिक करदात्यांच्या विवरणपत्रांवर त्याच धर्तीचा प्रयोग करण्यात आला. त्यातून काहीही निष्पन्न झाले नाही.

पुढे मूळ लेखकांनाही हा परिणाम पुन्हा मिळाला नाही. तसे त्यांनी २०२० मध्ये जाहीर केले आणि त्या वेळी आठ वर्षांपूर्वीचे मूळ आकडेही सर्वांसाठी खुले केले. या एका कृतीमुळे पुढचे सारे घडले. निनावी राहू इच्छिणाऱ्या काही संशोधकांना त्या आकड्यांत विसंगती आढळली आणि त्यांच्या साहाय्याने युरी सायमनसन, जो सिमन्स व लीफ नेल्सन या तिघांनी ऑगस्ट २०२१ मध्ये आपले परीक्षण प्रसिद्ध केले.

त्यांनी प्रथम एक साधा प्रश्न विचारला. पहिल्या आणि दुसऱ्या नोंदीच्या दरम्यान प्रत्येक गाडी किती धावली? खऱ्या जगात बहुसंख्य गाड्या मध्यम अंतर धावतात, काही थोड्या फारच कमी वापरल्या जातात आणि काही मोजक्या बेसुमार धावतात. आलेख काढला तर मध्ये उंचवटा आणि एका बाजूला लांबत गेलेले शेपूट दिसले पाहिजे. येथे आलेख टेबलासारखा सपाट होता. हजार मैलांच्या आत धावलेल्या गाड्या जितक्या, जवळजवळ तितक्याच २५ हजार मैलांच्या आसपास धावलेल्या आणि तितक्याच ५० हजारांच्या उंबरठ्यावरच्या. ५० हजारांच्या पुढे मात्र एकही गाडी नाही. माणसांच्या वागण्यातून असा आलेख निघत नाही. संगणकाला ‘शून्य ते ५० हजारांमधील कोणतीही संख्या दे’ असे सांगितले म्हणजे तो नेमका असाच निघतो.

दुसरी खूण अधिक घरगुती आहे. माणूस आकडा सांगताना तो गोळाबेरीज करून सांगतो. ३९,८७४ न म्हणता ४० हजार म्हणतो. ग्राहकांच्या पहिल्या नोंदींत शेवटी शून्ये असलेले असे आकडे मुबलक होते. दुसऱ्या नोंदींत ते अदृश्य झाले होते. या वेळी सर्वांनी गाडीतील मापकावरचा आकडा जसाच्या तसा उतरवला असेल, असा बचाव येथे करता येतो आणि परीक्षकाने तो ध्यानात घेतलाच पाहिजे. पण त्या बचावाला तिसऱ्या खुणेने सुरुंग लावला.

ती खूण अक्षरांच्या वळणाची होती. संगणकाच्या तक्त्यात पहिल्या नोंदींपैकी जवळजवळ निम्मे आकडे कॅलिब्री नावाच्या वळणात होते आणि उरलेले कँब्रिया या वळणात. जुळवून पाहता असे दिसले की, कॅलिब्रीतील प्रत्येक गाडीला कँब्रियात एक जुळे भावंड आहे आणि त्याचा आकडा मूळच्यापेक्षा शून्य ते हजार मैलांनीच अधिक आहे. समजा, एका गाडीची नोंद ३० हजार असेल, तर जुळ्याची ३०,४१२ किंवा ३०,८९० असे काहीतरी. गोळाबेरीज केलेले आकडे कॅलिब्रीत होते, कँब्रियात नव्हते. याचा अर्थ, मूळ नोंदींची नक्कल करून, प्रत्येकीत एक यादृच्छिक संख्या मिळवून, गाड्यांची संख्या दुप्पट करण्यात आली होती. मापक पाहून आकडा उतरविणारा ग्राहक आपल्या आकड्याला असे भावंड जन्माला घालू शकत नाही.

हा निबंध सप्टेंबर २०२१ मध्ये मागे घेण्यात आला. पुढे २०२३ मध्ये विमा कंपनीने सांगितले की, तिने सुमारे ६ हजार गाड्यांचीच माहिती दिली होती. प्रसिद्ध आकडेवारीत गाड्या होत्या २० हजारांहून अधिक. तिच्या मूळ नोंदींत दोन गटांमध्ये लक्षणीय फरकही नव्हता. कंपनीकडून माहिती ज्या सहलेखकाच्या हाती आली, त्यांनी आपण फेरफार केल्याचा सातत्याने इन्कार केला आहे आणि तो कोणी केला, हे जाहीरपणे सिद्ध झालेले नाही. तेव्हा व्यक्तींचा न्यायनिवाडा येथे अप्रस्तुत आहे. पाच लेखक, परीक्षणासाठी निबंध वाचणारे तज्ज्ञ आणि तो उद्धृत करणारे शेकडो विद्वान यांच्यापैकी कोणीही नऊ वर्षे मूळ तक्त्यातील बनावट उघडकीस आणली नाही, हा मुद्दा महत्त्वाचा आहे.

आता आपल्याकडे वळू. अर्थशास्त्र आणि वाणिज्य या शाखांतील प्रबंध बहुधा प्रश्नावलीवर उभे असतात. नमुन्याचा आकार एका ठरावीक सूत्राने काढला जातो आणि लोकसंख्या मोठी असेल तर उत्तर ४०० च्या जवळ येते. म्हणून प्रबंधामागून प्रबंधात ४०० उत्तरदाते भेटतात. त्यांतील प्रत्येकाने प्रत्येक प्रश्नाचे उत्तर दिलेले असते. ज्याने खेड्यात जाऊन दहा माणसांना त्यांच्या कर्जाविषयी विचारले आहे, त्याला ठाऊक आहे की तिघे रक्कम सांगत नाहीत आणि एखादा मधूनच उठून जातो. आपल्या जनगणनेत वयांची गर्दी शून्य व पाच या अंकांवर होते, कारण वय विचारले की माणूस चाळीस किंवा पंचेचाळीस सांगतो. जमीन तो एकर-गुंठ्यांत सांगतो आणि उत्पन्न हजारांच्या पटीत. या खुणा ज्या प्रश्नावल्यांत नाहीत, जेथे एकतीस, सदतीस, त्रेचाळीस अशी वये सारख्याच संख्येने विखुरलेली आहेत, तेथे परीक्षकाने थांबले पाहिजे.

या बनावटीचे मूळ केवळ विद्यार्थ्याच्या आळसात शोधणे सोयीचे असले तरी अपुरे आहे. प्रबंध लिहून देण्याचा धंदा आता लपूनछपून चालत नाही. विषयाच्या आराखड्यापासून बांधणीपर्यंत सर्व कामाचा एकत्रित दर सांगितला जातो. जो माणूस मोबदला घेऊन महिन्या-दोन महिन्यांत दुसऱ्याचा प्रबंध लिहितो, तो चार तालुके फिरून मुलाखती घेणे शक्यच नाही. आकडे त्याला बनवावेच लागतात. वाक्ये मात्र तो स्वतःची लिहितो, कारण साम्याच्या परीक्षणात प्रबंध उतरला नाही तर त्याचे गिऱ्हाईक तुटेल. म्हणजे आपण जी एकमेव परीक्षा ठेवली, तिच्यात उत्तीर्ण होण्याचे कसब या धंद्याने आत्मसात केले आणि जे तपासलेच जात नाही ते सोडून दिले. जीवशास्त्रातील निबंधांत एकाच प्रयोगाचे छायाचित्र उलटे करून दुसऱ्या प्रयोगाचे म्हणून छापले जाते, तेही शब्द तपासणाऱ्या या यंत्राला दिसत नाही.

यावर उपाय नवा विनियम हा नव्हे, तर कागद मागणे हा आहे. प्रबंधासोबत भरलेल्या मूळ प्रश्नावल्या आणि त्यांवरून केलेला तक्ता विद्यापीठाच्या ग्रंथालयात दाखल व्हावा. उत्तरदात्यांची नावे वगळलेला तक्ता ‘शोधगंगा’वर प्रबंधाशेजारी ठेवावा. मार्गदर्शकाने ४०० पैकी दहा उत्तरदात्यांशी स्वतः संपर्क साधून तशी नोंद करावी. मौखिक परीक्षेत परीक्षकाने एक गठ्ठा उघडून, हा माणूस कोठे भेटला, त्याने हे उत्तर का दिले, एवढे विचारावे. चारशे प्रश्नावल्या एकाच शाईत आणि एकाच हस्ताक्षरात असतील, तर त्यासाठी संख्याशास्त्राची गरज पडत नाही. जो खरोखर गावोगाव हिंडला आहे, त्याला अशा प्रश्नाचे भय नसते. उलट त्याला सांगण्यासारखे पुष्कळ असते.

या पद्धतीच्या मर्यादाही मान्य केल्या पाहिजेत. सपाट आलेख हा अडाणी बनावटीचा पुरावा आहे. उंचवटा कसा आणायचा आणि शून्ये कोठे पेरायची, हे जाणणारा सुटू शकतो. उलटपक्षी, काही विचित्र दिसणारे आकडे खरेही असतात. म्हणून संख्याशास्त्रीय संशयावरून कोणालाही दोषी ठरविता येणार नाही, केवळ चौकशी सुरू करता येईल. मूळ कागद जपून ठेवण्याचे महत्त्व येथे दुहेरी आहे. लबाडाला तो अडचणीत आणतो आणि प्रामाणिक माणसाची त्याच कागदाने सुटका होते.

पीककर्ज, किमान आधारभूत भाव, बचत गट यांविषयीच्या समित्या असल्या प्रबंधांचे दाखले देतात आणि त्यांवरून कोणाच्या तरी पदरात काही पडते किंवा पडायचे राहते. जो शेतकरी कधी भेटलाच नाही, त्याचे मत नोंदले जाते आणि जो आहे, त्याचे मत त्या चारशेंत कोठेच नसते.